कुंपणच शेत खातं तेव्हा : 'सुरक्षित पेमेंट'च्या खोट्या वेबसाइटची ओळख



मोबाईलवर जुन्या वस्तूंच्या जाहिराती आता आपण सगळ्याच बघतो. कुणाला शेवयांचं मशीन हवं असतं, कुणाला पिठाची गिरणी, कुणाला शिलाई मशीन विकायचं असतं. समोरचा माणूस अनोळखी आणि लांबच्या गावचा, म्हणून आपण सावध असतो. आधी पैसे पाठवायचे नाहीत, हे आता शाळेतली मुलंही सांगतात.

फसवणाऱ्यालाही हे ठाऊक झालंय. म्हणून तो आता 'माझ्या खात्यात पैसे टाका' असं म्हणतच नाही. तो म्हणतो, "ताई, तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. आपण मधे तिसरी कंपनी घेऊ. पैसे तिच्याकडे राहतील. माल तुमच्या दारात आला, तुम्ही बघितला, की मगच ते मला मिळतील." ऐकायला किती रास्त वाटतं! आपल्याच मनातली भीती तो आपल्या आधी बोलून दाखवतो आणि तिच्यावर उपायही देतो. फक्त ती तिसरी कंपनी त्याचीच असते. राखणीला घातलेलं कुंपणच शेत खातं.

या लेखात ही एकच युक्ती सावकाश उलगडून बघू. ती चालते कशी, पैसे टाकायच्या आधी ओळखायची कशी, आणि पैसे गेलेच तर पहिल्या तासात काय करायचं.

मधला माणूस ही कल्पना खोटी नाही

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. मधे तिसऱ्याकडे पैसे ठेवण्याची पद्धत खरीच आहे. तिला 'एस्क्रो' म्हणतात. बैलबाजारात सौदा ठरतो तेव्हा दोघांच्या ओळखीच्या माणसाकडे इसार ठेवतात ना, तसंच हे. घेणाऱ्याने पैसे मधल्याकडे द्यायचे, विकणाऱ्याने माल द्यायचा, माल ठीक असला की मधल्याने पैसे विकणाऱ्याला द्यायचे.

आपल्या देशात ऑनलाइन खरेदीचे पैसे दुकानदारापर्यंत पोहोचवणाऱ्या ज्या मोठ्या कंपन्या आहेत, त्यांना रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ग्राहकांचे असे पैसे त्यांना बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात. परदेशात तर फक्त हेच काम करणाऱ्या कंपन्या आहेत. अमेरिकेतली Escrow.com ही त्यातली जुनी, 1999 पासूनची कंपनी. तिच्या नावासारखी नावं घेऊन कितीतरी खोट्या वेबसाइट निघाल्या आहेत.

पण बैलबाजारातला मधला माणूस विश्वासाचा का असतो? दोघंही त्याला आधीपासून ओळखतात म्हणून. त्याचं घर ठाऊक असतं, त्याने गडबड केली तर पुढच्या बाजारात तो तोंड दाखवू शकत नाही. विकणाऱ्याने स्वतःबरोबर आणलेला, तुम्ही कधी न पाहिलेला माणूस हा मधला नव्हे. तो त्याचा जोडीदार. वेबसाइटचंही अगदी तसंच आहे. अख्ख्या लेखातली कळीची गोष्ट हीच आहे : मधली कंपनी कुणी सुचवली? ज्याच्यापासून तुम्हाला संरक्षण हवं, त्यानेच सुचवली असेल तर ते संरक्षण नाही.

एक सौदा सुरुवातीपासून बघू

समजा, तुमच्या गटाने शेवयांचा व्यवसाय घ्यायचं ठरवलं आहे. नवीन मशीनचा दर तालुक्याच्या दुकानात 62,000 रुपये सांगितलाय. ग्रामसंघाकडून कर्ज मिळालंय, पण तेवढं नाही. तेवढ्यात एका सदस्याच्या मुलाला मोबाईलवर जाहिरात दिसते : शेवया मशीन, फक्त सहा महिने वापरलेलं, किंमत 28,000.

तुम्ही संदेश पाठवता. लगेच उत्तर येतं, आणि बोलणं जाहिरातीच्या ॲपवरून व्हॉट्सॲपवर नेलं जातं. हे पहिलं पाऊल. ॲपवर बोलणं राहिलं तर ॲपवाल्यांना ते दिसू शकतं, तक्रार आली तर खातं बंद होऊ शकतं. व्हॉट्सॲपवर ती अडचण नाही.

विकणारा सांगतो की त्याची बदली झाली आहे, म्हणून घाईने विकतोय. बऱ्याचदा तो स्वतःला सैन्यातला किंवा सुरक्षा दलातला सांगतो, आणि ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. आपल्याला जवानाबद्दल आदर असतो, त्याचाच हा गैरफायदा. तो फोटो दुसऱ्याच कुणाचा असतो. 'मशीन बघायला येऊ का?' असं विचारलं तर 'आत बाहेरच्यांना सोडत नाहीत' किंवा 'मशीन पॅक करून गोदामात दिलंय' असं उत्तर येतं.

तुम्ही म्हणता, "आम्ही बचत गटाच्या बायका आहोत. न बघता पैसे देणार नाही." आणि इथेच तो म्हणतो, "बरोबर आहे ताई. मीही न पैसे घेता माल पाठवू शकत नाही. आपण सुरक्षित पेमेंटच्या साइटवरून करू." आणि लिंक येते.

लिंक उघडली की नीटनेटकी वेबसाइट दिसते. वर ढालीचं चित्र, कुलपाचं चिन्ह, बँकांचे शिक्के, समाधानी ग्राहकांचे फोटो. तुमच्या सौद्याला क्रमांक मिळतो. चार पायऱ्यांची पट्टी दिसते : करार झाला, पैसे जमा, माल रवाना, पैसे विकणाऱ्याला दिले. खाली 'मदत हवी?' अशी चौकट असते, तिथे विचारलं तर लगेच कुणीतरी छान बोलतं. तो मदत करणारा आणि मशीन विकणारा एकच माणूस असू शकतो, किंवा शेजारी बसलेले दोघं.

तुम्ही 28,000 भरता. पट्टीवरची दुसरी पायरी हिरवी होते. दुसऱ्या दिवशी 'माल रवाना' हीही हिरवी होते, वाहतुकीचा क्रमांक येतो. गटात आनंद होतो.

मग साइटकडून संदेश येतो : 'वाटेतल्या विम्याचे 2,940 रुपये भरा. माल मिळाल्यावर परत मिळतील.' परत मिळणार म्हणून तुम्ही भरता. दोन तासांनी : 'जीएसटी राहिला आहे, 28,000 वर 18 टक्के म्हणजे 5,040. हाही परत मिळेल.' तुम्ही भरता. आता गेले 35,980. मग येतो शेवटचा मोठा घास : 'तुमची रक्कम तुकड्यांत आल्यामुळे सिस्टीमने अडवली. पूर्ण 28,000 एकदम पुन्हा भरा, आधीची सगळी रक्कम आपोआप परत येईल.'

इथे थांबून विचार करू. माणूस पुन्हा पुन्हा का भरतो? मूर्ख असतो म्हणून नव्हे. आधी गेलेले पैसे सोडवायचे असतात म्हणून. 28,000 अडकलेले दिसत असताना 2,940 लहान वाटतात. 30,940 अडकल्यावर 5,040 लहान वाटतात. प्रत्येक वेळी मागणी अशीच केलेली असते की मागचं वाचवण्यासाठी पुढचं भरावं वाटावं. त्यातून पैसे गटाचे असतील तर ओढ दुप्पट होते, कारण शुक्रवारच्या बैठकीत दहा जणींना काय सांगायचं हा प्रश्न असतो. कुणाला न सांगता आपणच ते सोडवावेत, असं वाटतं. फसवणाऱ्याला हेच हवं असतं.

खऱ्या व्यवहारात असं होत नाही. जीएसटी असेल तर तो बिलातच लावलेला असतो. आधी वेगळा भरा आणि नंतर परत घ्या, असं गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. तुकड्यांत पैसे आले म्हणून तेवढेच पुन्हा मागण्याची पद्धतही कुठे नाही. अडकलेले पैसे सोडवण्यासाठी आणखी पैसे मागितले, की तिथेच फसवणूक ठरली. त्यापुढे एकही रुपया जायला नको.

पैसे टाकायच्या आधी चार गोष्टी बघा

वेबसाइटचं रूप बघून काही कळत नाही. दुसऱ्याची वेबसाइट जशीच्या तशी उतरवून घ्यायला फार वेळ लागत नाही. कुलपाच्या चिन्हाचाही अर्थ बऱ्याच जणींना चुकीचा सांगितलेला असतो. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की तुमचा मोबाईल आणि ती वेबसाइट यांच्यामधलं बोलणं तिसऱ्याला वाचता येत नाही. वेबसाइट चोराची असेल तर तुमचं चोराशी चाललेलं बोलणं गुपित राहतं, इतकंच. ते कुलूप चोरालाही फुकट मिळतं. म्हणून रूप सोडा आणि या चार गोष्टी बघा.

*पहिली : पैसे कुणाच्या नावावर जातायत?* ही तपासणी सगळ्यांत सोपी आणि मोबाईलवर सगळ्यांना जमणारी. साइट क्यूआर कोड देते किंवा यूपीआय आयडी देते. तो स्कॅन केला की पिन टाकायच्या आधी ॲपमध्ये खात्यावरचं नाव दिसतं. तिथे थांबा आणि नाव मोठ्याने वाचा. वेबसाइटचं नाव एक आणि पैसे घेणाऱ्याच्या जागी कुण्या व्यक्तीचं नाव, किंवा एखाद्या मोबाईल दुकानाचं, किराणा दुकानाचं नाव असेल तर पुढे जाऊ नका. विचारल्यावर 'हे आमच्या अकाउंटंटचं खातं आहे' किंवा 'आज मुख्य खातं देखभालीसाठी बंद आहे' असं उत्तर येईल. खरी परवानाधारक कंपनी लोकांचे पैसे कुणाच्या वैयक्तिक खात्यात घेत नाही. चोर ज्या खात्यांत पैसे घेतात ती बहुधा त्यांची स्वतःची नसतातच. कमिशन देऊन दुसऱ्याची खाती वापरलेली असतात. (म्हणून ताई, कुणी 'महिन्याला इतके देतो, तुमचं खातं आणि एटीएम कार्ड वापरायला द्या' म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. पोलीस आधी त्या खातेदाराच्या दारात येतात.)

*दुसरी : पत्ता उजवीकडून वाचा.* वेबसाइटचा पत्ता आपण डावीकडून वाचतो आणि तिथेच फसतो. समजा नमुन्याला असा पत्ता आला :

```
https://rbi.org.in.safe-hold.example/deal/4471
```

डावीकडे `rbi.org.in` दिसतं, म्हणून रिझर्व्ह बँकेची साइट वाटते. पण वाचायचं असं : `https://` सोडून द्या. त्यानंतर येणारी पहिली तिरकी रेघ शोधा. त्या रेघेच्या लगेच डावीकडचे शेवटचे दोन तुकडे, म्हणजे इथे `safe-hold.example`, हे खरं घर. त्याच्या आधी लिहिलेलं सगळं ही नुसती दारावर लावलेली पाटी, ती कुणीही काहीही लिहून लावू शकतो. खऱ्या पत्त्यात रेघेच्या लगेच आधी `rbi.org.in` असतं. आपल्याकडच्या काही पत्त्यांत `.org.in` किंवा `.co.in` असा जोड शेवट असतो, तेव्हा तीन तुकडे धरा. बँकांसाठी तर रिझर्व्ह बँकेने आता `.bank.in` असा वेगळा शेवट आणला आहे, तो फक्त बँकांनाच मिळतो. नावात मधे आडव्या रेघा घालून `safe`, `secure`, `escrow`, `pay` असे शब्द जोडलेले दिसले तर ते नाव विश्वास वाटावा म्हणूनच बांधलेलं असतं.

*तिसरी : वेबसाइटचं वय विचारा.* जमिनीचा सातबारा असतो तशी वेबसाइटच्या नावाचीही नोंद असते. `lookup.icann.org` इथे वेबसाइटचं नाव टाकलं की `Created` या शब्दापुढे ते नाव कधी घेतलं याची तारीख येते. साइट म्हणते 'दहा वर्षांचा अनुभव, लाखो ग्राहक' आणि तारीख निघते अकरा दिवसांपूर्वीची, तर वेगळा पुरावा लागत नाही. तक्रारी आल्या की या साइट बंद होतात आणि नव्या नावाने पुन्हा उघडतात, म्हणून त्या बहुधा कोवळ्या असतात. तुम्हाला हे जमलं नाही तर बँक सखी, सीआरपी ताई किंवा कॉलेजात जाणारी मुलगी दोन मिनिटांत बघून देईल.

*चौथी : परवाना साइटवर नको, रिझर्व्ह बँकेकडे बघा.* खोट्या साइटवर परवान्याचा क्रमांक, शिक्का, प्रमाणपत्राचा फोटो सगळं असतं. त्यातलं काही खऱ्या कंपनीचं चोरलेलंही असतं. म्हणून तो क्रमांक त्यांच्याच पानावर वाचून उपयोग नाही. पेमेंटचं काम करायला कुणाकुणाला परवानगी दिली आहे, त्याची यादी रिझर्व्ह बँक स्वतःच्या `rbi.org.in` वर ठेवते. नाव तिथे शोधा. आणि नाव सापडलं तरी त्या कंपनीचा खरा पत्ता स्वतः टाइप करून उघडा, समोरच्याने पाठवलेली लिंक वापरू नका. नाव खऱ्या कंपनीचं आणि लिंक खोटी, हाही प्रकार चालतो.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. या चारपैकी एकही तपासणी 'साइट खरी आहे' असं सिद्ध करत नाही. जुनं नाव विकत घेता येतं, खात्याचं नाव कंपनीसारखं ठेवता येतं. तपासणीत खोट दिसली तर सौदा सोडायचा, एवढाच तिचा उपयोग. खोट दिसली नाही म्हणून पैसे टाकायचे, असा अर्थ नाही.

मग लांबचा माल घ्यायचाच नाही का?

घ्यायचा. पण वाट आपण ठरवायची, समोरच्याने नाही. आपल्याकडे जुन्या वस्तूंच्या जाहिरातींची बहुतेक ॲप्स फक्त जाहिरात आणि बोलणं एवढंच देतात. पैसे ती सांभाळत नाहीत. एखाद्या ॲपची स्वतःची पैसे भरण्याची सोय असलीच तर ती त्या ॲपच्या आतच सापडते. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकमध्ये ती नसते.

म्हणून समोरच्याला साधं उत्तर द्या : "दादा, आमच्या गटाचा ठराव आहे. दोन जणी येऊन मशीन चालू करून बघणार आणि तिथेच पैसे देणार." यावर खरा विकणारा फार तर 'लवकर या, दुसरं गिऱ्हाईक आहे' म्हणेल आणि पत्ता देईल. खोटा माणूस पत्ता देऊच शकत नाही. तो चिडेल, जवानावर विश्वास नाही का म्हणेल, नाहीतर किंमत आणखी दोन हजारांनी उतरवेल. जाण्यायेण्याचे दोघींचे हजार रुपये खर्च होतील, पण मशीनचा आवाज ऐकायला मिळेल, साचे झिजलेत का ते दिसेल. ते तर खऱ्या विकणाऱ्याकडूनही बघायलाच हवं.

विकायला निघालात तर तीच युक्ती उलटी

तुम्ही शिलाई मशीन विकायला काढलंय. घेणारा घासाघीस न करता लगेच हो म्हणतो आणि सांगतो, "पैसे सुरक्षित साइटवर भरले आहेत." तुम्हाला ईमेल किंवा संदेश येतो : 'तुमच्या नावे 9,500 रुपये जमा आहेत. माल पाठवल्याची पावती टाका, पैसे मोकळे होतील.' काही जणी माल पाठवून बसतात. तो संदेश बँकेचा नसून त्याच खोट्या साइटचा असतो आणि पैसे कुठेच भरलेले नसतात.

दुसरा प्रकार असा की पैसे मोकळे करायला 'पडताळणी' म्हणून तुमचा कार्ड क्रमांक, ओटीपी मागतात किंवा क्यूआर स्कॅन करून पिन टाकायला सांगतात. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. विकताना एकच गोष्ट धरून ठेवा : दुसऱ्याच्या संदेशात किंवा फोटोत दिसलेले पैसे हे पैसे नव्हेत. स्वतःचं बँक ॲप किंवा पासबुक बघायचं, रक्कम तिथे दिसली की मगच वस्तू हलवायची.

गटाचा पैसा असेल तर एक जास्तीची काळजी

आपल्या गटाच्या खात्यावर एकटीच्या सहीने पैसे निघत नाहीत. ही फार चांगली कडी आहे. पण मोबाईलवरच्या सौद्यात ती नकळत निघून जाते. गटाच्या खात्यावर यूपीआय नाही, विकणारा 'आत्ताच भरा' म्हणतोय, म्हणून रक्कम काढून एका ताईच्या खात्यात टाकली जाते आणि ती आपल्या मोबाईलवरून भरते. त्या क्षणी दोन सह्यांचा पैसा एका अंगठ्याचा झाला. आणि फसवणूक झाली की सगळा दोष त्या एकटीच्या माथी येतो, जिने खरं तर गटासाठीच धावपळ केलेली असते.

म्हणून बैठकीत एक ठराव लिहून ठेवायला हरकत नाही : जुनं साहित्य घ्यायचं तर दोन सदस्यांनी प्रत्यक्ष बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. पैसे देताना दोघी हजर असतील. आणि दुसरी मागणी आली, मग ती विम्याची असो की कराची, तर ती बैठकीत सांगितल्याशिवाय भरायची नाही. या तिसऱ्या कलमाने वर सांगितलेल्या सौद्यात 28,000 वाचले नसते, पण पुढचे 7,980 वाचले असते आणि तक्रार दोन दिवस आधी गेली असती. तेही थोडं नाही.

पैसे गेलेच तर

लाज बाजूला ठेवा आणि लगेच 1930 वर फोन करा. सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा हा देशभराचा क्रमांक आहे. घाई का? तुमचे पैसे पहिल्या खात्यात फार वेळ थांबत नाहीत. ते दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पाठवले जातात आणि शेवटी एटीएममधून रोख निघतात. 1930 वर तक्रार गेली की ती त्या खात्यांच्या बँकांपर्यंत जाते आणि जी रक्कम अजून निघालेली नाही ती गोठवता येते. रोख निघून गेली की गोठवायला काही उरत नाही.

फोन करताना हे जवळ ठेवा : कुठल्या खात्यातून पैसे गेले, किती गेले, कधी गेले, कुणाच्या आयडीवर गेले, आणि प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक. यूपीआयचा हा बारा आकडी क्रमांक ॲपमध्ये त्या व्यवहाराच्या तपशिलात मिळतो. वरच्या सौद्यात व्यवहार तीन होते, तर तिन्ही सांगा. फोन लागला नाही तर `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. त्याच दिवशी आपल्या बँकेत लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. जवळच्या पोलीस ठाण्यातही जा.

व्हॉट्सॲपवरचं बोलणं रागाने पुसून टाकू नका, त्या नंबरला लगेच ब्लॉकही करू नका. आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा : जाहिरात, बोलणं, वेबसाइटचा पूर्ण पत्ता, सौद्याचं पान. साइट उद्या नसेल, पण तुमच्याकडे पुरावा राहील.

अपेक्षा मात्र खरी ठेवा. बँकेकडून भरपाई मिळण्याचा जो नियम रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये केला, तो तुमच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी होता. इथे पिन तुम्ही स्वतः टाकलेला असतो, त्यामुळे बँक 'व्यवहार तुम्हीच केला' असं म्हणते. गोठवलेली रक्कम परत मिळायलाही पोलिसांची कारवाई लागते, त्यात वेळ जातो. मिळाली तरी पूर्ण मिळेलच असं नाही. म्हणून कर्जाचा हप्ता कसा भरायचा याची चर्चा लगेच ग्रामसंघात करा, पैसे परत येतील म्हणून हप्ता थांबवू नका. रोकडवहीत खरी नोंद घाला आणि इतिवृत्तात तक्रार क्रमांकासह लिहा.

आणि शेवटचा सापळा. काही दिवसांनी फोन येईल : 'आम्ही सायबर खात्यातून बोलतोय, तुमचे 35,980 सापडले, सोडवायची फी 3,500.' तुमचा नंबर आणि नेमकी रक्कम त्याच टोळीकडे असते, म्हणून आकडा बरोबर येतो. पैसे परत मिळवून द्यायला पोलीस फी घेत नाहीत.

ताई, हा अंक बैठकीत वाचाल तेव्हा हा सौदा एकदा मोठ्याने वाचा. मग ज्यांच्या मोबाईलवर यूपीआय आहे त्या प्रत्येकीने शेजारणीचा क्यूआर स्कॅन करून फक्त नाव कुठे दिसतं ते बघा, पिन न टाकता परत या. आणि 1930 हा क्रमांक गटाच्या रोकडवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. वेळ आली की मोबाईलमध्ये शोधत बसायला नको.